उद्या बायकोचा बायोप्सी रिपोर्ट. आज रात्री मेसेज काय पाठवू? (नाशिक)

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ८:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचतो, आज लिहायची वेळ आली.

आम्ही सिडकोत राहतो. मी सिन्नरच्या एमआयडीसीत आहे, या आठवड्यात रात्रपाळी. दहाला त्रिमूर्ती चौकातून कंपनीची बस निघते. बायको ३९ वर्षांची. महिन्याभरापूर्वी छातीत निप्पलच्या जवळ गाठ लागली. सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी झाली, रिपोर्टवर ४ए लिहिलं होतं. गेल्या गुरुवारी दुपारी सुई घालून तुकडे काढले. मी दाराबाहेर उभा होतो, स्टेपलर मारल्यासारखा ‘टक’ असा आवाज पाच वेळा आला. रिपोर्ट उद्या दुपारी साडेबाराला डॉक्टरांकडे मिळणार आहे.

ती बोलत नाही. संध्याकाळपासून तिने कपाटातल्या साड्यांच्या घड्या दोनदा मोडून पुन्हा घातल्या. मी समोर बसून काही बोलायला गेलो की म्हणते, “तू जा बरं ड्यूटीला.” म्हणून बसमध्ये बसलो की मेसेज टाकावा म्हणतोय. असा लिहिलाय :

“काळजी करू नकोस. काही निघणार नाही, मला शंभर टक्के खात्री आहे. पॉझिटिव्ह विचार कर. शांत झोप. उद्या सगळं नॉर्मल येणार. मी आहे ना.”

ठीक वाटतो का? काही कमी-जास्त असेल तर दहाच्या आत सांगा.

---

अभ्यासिका_कट्टा | ८:४७

दादा, निकालाच्या आदल्या रात्रीचं मला विचारा! मिस्टरांचा पूर्वपरीक्षेचा निकाल होता तेव्हा मी लिहिलं होतं, “कटऑफ काहीही लागो, आपण पुढच्या वर्षी परत देऊ.” वहिनींना तेच लिहा, परीक्षा काय, दरवर्षी येतात.

---

कॉलेजरोडचा_चहा | ८:४९

@अभ्यासिका_कट्टा ताई, बायोप्सी आहे. शीर्षक तरी वाचा.

आणि @रात्रपाळी, मेसेज कशाला? सुट्टी टाका आणि शेजारी बसा. बायकोचा असा रिपोर्ट असताना माणूस ड्यूटीवर जातो तरी कसा?

---

अभ्यासिका_कट्टा | ८:५२

अरे देवा. माफ करा, ‘रिपोर्ट’च्या जागी ‘रिझल्ट’ वाचलं. डोक्यात सध्या तेच आहे. तरी एक खरं सांगते, त्या दिवशी आम्हाला निकालापेक्षा फोनने जास्त छळलं. सकाळी आठपासून सासूबाई, नणंद, चुलत दीर, सगळे “काय झालं, काय झालं?” त्याचं काहीतरी आधीच करून ठेवा.

---

रात्रपाळी | ८:५५

@कॉलेजरोडचा_चहा मी कंत्राटावर आहे. गुरुवारी सुईच्या दिवशी एक सुट्टी गेली, उद्याची दुपार झोप मोडून जाणारच आहे. आणि ती स्वतःच जा म्हणतेय. मी घरात येरझाऱ्या घालतो त्याने तिला जास्त त्रास होतो, हेही खरं आहे.

---

गंगापूर_रोड | ९:०१

भाऊ, तुमचा मेसेज वाचला आणि माझ्या नवऱ्याचा २०१७ सालचा मेसेज डोळ्यांसमोर आला. जवळजवळ अक्षरशः हाच. ‘शंभर टक्के खात्री’ त्यातही होती.

माझा रिपोर्ट कॅन्सरचा निघाला. आज मी बरी आहे, सहा महिन्यांनी तपासणीला जाते, त्यामुळे घाबरू नका. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. त्या रात्री मला प्रचंड भीती वाटत होती, पण ती नवऱ्याला सांगता येईना. तो खात्रीने बोलत होता ना! मी घाबरले असं म्हटलं असतं तर त्याची खात्री मोडली असती. म्हणजे माझी भीती सोडून त्याची खात्री सांभाळायचं काम माझ्यावर आलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या केबिनमध्ये तो रडायला लागला आणि मीच त्याला पाणी दिलं.

‘काही निघणार नाही’ हे वाक्य काढा. ते तुमच्या हातात नाही. आणि ‘पॉझिटिव्ह विचार कर’ तर नकोच नको. त्याचा अर्थ असा निघतो की वाईट निघालं तर हिचे विचार कमी पडले.

---

अण्णा_द्वारका | ९:०६

मी जरा वेगळं बोलतो. रागावू नका, पण बायोप्सीचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांत येतो. गुरुवारी सुई आणि बुधवारी रिपोर्ट, म्हणजे सहा दिवस. माझ्या साडूच्या बाबतीत असंच झालं होतं. उशीर होतो कारण ते आयएचसी नावाची पुढची तपासणी लावतात, आणि ती कॅन्सर असला तरच लावतात. त्यामुळे मनाची तयारी करून ठेवा, खोटी आशा देऊ नका. मी बघितलंय म्हणून सांगतो.

---

रात्रपाळी | ९:०८

अण्णा, हे वाचून हातपाय गार पडले. हे खरं आहे का? कोणी सांगेल का?

---

स्लाइडवाली | ९:१७

थांबा, थांबा. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, चौदा वर्षं याच तुकड्यांचं काम करते. रिपोर्ट मी देत नाही, तो डॉक्टर देतात. पण तुकडा आला की त्याचं काय होतं ते मला पाठ आहे.

गुरुवारी दुपारी काढलेला तुकडा फॉर्मेलिनच्या डबीत पडतो. छातीचा तुकडा त्यात निदान सहा तास मुरावाच लागतो. घाई केली तर तो नीट पक्का होत नाही आणि पुढच्या तपासण्याही बिघडतात. म्हणजे गुरुवार तिथेच संपला. शुक्रवारी संध्याकाळी तो मशीनमध्ये जातो. तिथे रात्रभर आधी अल्कोहोल, मग झायलीन, मग पातळ मेण असा प्रवास. शनिवारी सकाळी आम्ही त्याचा मेणाचा ठोकळा बनवतो आणि तीन-चार मायक्रॉनच्या चकत्या काढतो. कोमट पाण्यावर तरंगणारी रिबिन असते, फुंकर मारली तरी फाटेल अशी. ती काचेवर घ्यायची, रंगवायची. रविवारी लॅब बंद. सोमवारी डॉक्टर बघतात. आता मोजा, उशीर कुठे झाला? एक दिवससुद्धा नाही. बुधवारची वेळ तुम्हाला गुरुवारीच दिली होती ना?

---

रात्रपाळी | ९:१९

हो, गुरुवारीच दिली होती. चिठ्ठीवर लिहूनच दिली होती.

---

स्लाइडवाली | ९:२४

मग झालं तर. तुकड्यात काय निघेल हे कोणालाच माहीत नव्हतं तेव्हाची ती तारीख आहे.

अण्णांचं अर्धं बरोबर आहे. कॅन्सर दिसला की आयएचसी लावतात, कारण औषध कुठलं द्यायचं ते त्यावर ठरतं. पण आयएचसी तेवढ्यासाठीच लावतात असं नाही. कधी कधी डॉक्टरांना स्लाइड बघून दोन गोष्टींत फरक करायचा असतो, तेव्हाही लावतात, आणि त्यातल्या बऱ्याच शेवटी साध्या निघतात. कधी त्याच ठोकळ्यातून आणखी खोलवरच्या चकत्या मागतात, कारण वरच्या चकतीत हवा तो भाग आलेला नसतो. माझ्या टेबलावर हे रोज होतं. उशिरावरून निकाल ओळखायचा म्हणजे कुकरच्या शिट्ट्यांवरून आमटीत मीठ किती ते सांगण्यासारखं आहे.

म्हणून एक सांगते. उद्या साडेबाराला जाल आणि ‘अजून दोन दिवस लागतील’ असंही ऐकायला मिळू शकतं. तिला हे आज माहीत नसेल तर उद्या ते ऐकून ती जमिनीवर बसेल. मेसेजमध्ये काही घालायचंच असेल तर हे घाला.

---

अण्णा_द्वारका | ९:२८

बरं बाबा. पण साडूच्या वेळी तसंच झालं होतं, एवढंच माझं म्हणणं.

---

निफाडचा_गारवा | ९:३१

मी द्राक्षवाला, आजार-बिजारातलं मला कळत नाही. थंडी पडलीय, बागेत शेकोट्या पेटवायच्यात, म्हणून जागा आहे.

आमचाही एक रिपोर्ट असतो, माल युरोपात पाठवायचा तर औषधाचे अंश किती ते लॅबमधून तपासून यावं लागतं. एका वर्षी सगळी कमाई त्या कागदावर अडकली होती. मी रात्रभर ओट्यावर बसलेलो. मंडळी आली आणि म्हणाली, “रिपोर्ट काय येतो तो येवो, घड तर तोडायचेच आहेत. कंटेनरला जातील नाहीतर इथल्या मार्केटला जातील. सकाळी बाया सातला येणारेत, त्यांच्या चहाचं दूध सांगून ठेवलंय.”

त्या दुधाच्या वाक्याने मला झोप लागली राव. रिपोर्टचं ती एक अक्षर बोलली नव्हती. तुमचा विषय मोठा आहे, द्राक्षाशी बरोबरी नाही. सुचलं ते लिहिलं.

---

गंगापूर_रोड | ९:३५

@निफाडचा_गारवा दादा, बरोबरी कशाला करायची, पण वहिनींनी नेमकं तेच केलं जे मला त्या रात्री हवं होतं. उद्याची सकाळ कशी जाणार ते कोणीतरी ठरवून ठेवायला हवं होतं. पोरगा शाळेत कोण सोडणार, फाइल कुठे आहे, गाडी कोण चालवणार, मी सगळं अंधारात पडून मनात मोजत होते. आणि बाजूला मोबाइलवर ‘मी आहे ना’. आहेस, पण उद्या नऊ वाजता कुठे आहेस?

---

कॉलेजरोडचा_चहा | ९:३७

मघाशी जरा जोरात बोललो, सॉरी. पण आकडा का सांगत नाही कोणी? ४ए म्हणजे कमी संशय. माझी बहीण रेडिओलॉजीत आहे, शंभरातल्या दोन ते दहा जणींनाच कॅन्सर निघतो म्हणते. म्हणजे नव्वदहून जास्त जणींचं काही नसतं. हे लिहिलं की झोप लागेल की!

---

स्लाइडवाली | ९:४०

आकडा बरोबर आहे. ४ मध्ये ए, बी, सी असे भाग असतात आणि ए सर्वांत खालचा. संशय असतो म्हणून सुई घालतात, पण कमी. वहिनींनी गुगल करून ‘सस्पिशियस’ हा एकच शब्द वाचला असेल तर हे त्यांना माहीत असणं चांगलं.

---

गंगापूर_रोड | ९:४३

माझंही ४ए होतं. मी त्या दहातली होते.

आकडा खोटा नाही, पण आदल्या रात्री तो ऐकणाऱ्याच्या कानात कसा जातो ते सांगते. नव्वद ऐकू येत नाहीत, दहाच ऐकू येतात. तिने विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर ढकलू नका. असं माझं मत.

---

कॉलेजरोडचा_चहा | ९:४५

माझं मत उलट आहे. मला स्वतःला आकडा कळल्याशिवाय झोप येत नाही. माणसागणिक असेल. @रात्रपाळी, तुमची मंडळी कशी आहेत?

---

रात्रपाळी | ९:४८

ती वीजबिलसुद्धा मला वाचायला देते. आकडा नको.

बसला बारा मिनिटं आहेत. नवीन लिहिलाय, बघा :

“अगं ऐक, उद्या काय येईल ते मला माहीत नाही. मलाही भीती वाटतेय. पण कॅन्सरवर आता चांगले उपचार आहेत, आणि लॅबमध्ये तुकडा सहा तास फॉर्मेलिनमध्ये ठेवतात, मग रात्रभर मशीनमध्ये, त्यामुळे उशीर झाला असं नाही. ऑपरेशन लागलं तरी सुट्टीचं बघू. पैशाची चिंता करू नकोस, पीएफ काढता येतो. पोरीचंही बघू…”

अजून लिहायचंय, पण मोठा होतोय.

---

गंगापूर_रोड | ९:५०

पहिली दोन वाक्यं अप्रतिम, ती ठेवा. पुढे तुम्ही तिला ऑपरेशन टेबलापर्यंत नेऊन पीएफही काढून दिलात! उद्या दुपारच्या पुढे जाऊ नका.

---

स्लाइडवाली | ९:५१

फॉर्मेलिन काढा हो, ते मी तुम्हाला सांगितलं होतं, तिला नाही. 😄

एक मात्र नक्की विचारा. रिपोर्टची पीडीएफ मोबाइलवर येते का, आणि कोणाच्या नंबरवर? आमच्याकडे सही झाली की पीडीएफ आपोआप जाते, रात्री अकराला किंवा सकाळी सातलाही. डॉक्टरांना भेटायच्या आधी बायका एकट्या बसून ती उघडतात. खाली ‘क्लिनिकली कोरिलेट करावे’ असं काहीतरी असतं, ते आम्ही जवळजवळ प्रत्येक रिपोर्टवर छापतो, आणि त्या घाबरून लॅबमध्ये फोन करतात. तिच्या नंबरवर येणार असेल तर उघडायची की नाही हे दोघांनी आज ठरवा.

---

रात्रपाळी | ९:५३

फॉर्मवर तिचाच नंबर आहे. हे डोक्यातच आलं नव्हतं.

---

अभ्यासिका_कट्टा | ९:५४

‘उघडू नकोस’ असं हुकमासारखं लिहू नका. नाही राहवलं आणि उघडली तर बिचारीला चोरी केल्यासारखं वाटेल. उघडलीस तर फोन कर, एवढंच. आणि नातेवाइकांच्या फोनचं विसरू नका!

---

रात्रपाळी | १०:२६

बसमध्ये आहे, द्वारका ओलांडलं. हा पाठवला. आता बदलता येणार नाही, तरी इथे टाकतो :

“अगं ऐक. उद्या काय लिहून येईल ते मला माहीत नाही. मलाही भीती वाटतेय, तू एकटी नाहीस त्यात.

सकाळी सव्वाआठला घरी येतो. पोरीचा डबा मी येताना घेतो, पोहे मिळतात कोपऱ्यावर, तू करू नकोस. शाळेच्या रिक्षात मीच बसवतो. मग मी दोन तास पडतो, तू उठव. फाइल, फिल्म आणि गुरुवारची चिठ्ठी निळ्या पिशवीत घालून दारामागे अडकवलीय. बाराला रिक्षाने जाऊ, रात्रपाळी करून मी गाडी चालवणार नाही.

पीडीएफ तुझ्या मोबाइलवर आधीच येऊ शकते. शक्यतो दोघं मिळून उघडू. उघडलीसच तर लगेच मला फोन कर, सुपरवायझरला सांगतो, फोन खिशात असेल. उद्या ते म्हणाले अजून दोन दिवस थांबा, तर त्याचा अर्थ वाईट असा नाही. कधी कधी त्यांना परत बघावं लागतं, लॅबमधल्या एका ताईंना विचारलंय.

आईला आणि ताईला सांगितलंय, उद्या आम्ही करेपर्यंत फोन करायचा नाही.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. दीडला चहाची सुट्टी असते. झोप नाही आली तर तेव्हा फोन कर, बोलायचं काही नसलं तरी.”

---

अण्णा_द्वारका | १०:३१

चांगला लिहिलाय रे. आमच्या साडूला असं कोणी लिहिलं नव्हतं. रामकुंडावर सकाळी जातो मी, उद्या तुमच्या नावाने हात जोडतो.

---

गंगापूर_रोड | १०:३३

निळी पिशवी दारामागे. बास, हेच.

---

रात्रपाळी | बुधवार, पहाटे २:१०

उत्तर आलं होतं १०:४१ ला. जसंच्या तसं देतो : “दूध संपलंय. येताना दोन पिशव्या आण.”

आधी वाईट वाटलं. मग निफाडच्या दादांचं आठवलं आणि एकटाच हसलो, लाइनवरचे बघायला लागले.

१:३४ ला फोन आला. ती काही बोलली नाही, मीही नाही. संक्रांतीच्या तिळाच्या वड्या उरल्यात, त्यातली एक खात होती. कडाकड आवाज येत होता. चार-पाच मिनिटांनी म्हणाली, “पाक जरा जास्तच झाला होता यंदा.” मी हो म्हटलं. तिने ठेवला.

---

निफाडचा_गारवा | पहाटे २:३०

दोन पिशव्या विसरू नका.

---

कॉलेजरोडचा_चहा | बुधवार, दुपारी ३:२०

@रात्रपाळी काय झालं? सगळे थांबलेत.

---

रात्रपाळी | बुधवार, ४:०५

रिपोर्ट तयार नाही. डॉक्टर म्हणाले, पॅथॉलॉजीवाल्यांनी आणखी चकत्या आणि एक-दोन स्टेन मागितलेत, शनिवारी या.

मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, “हो, कधी कधी परत बघावं लागतं.” माझंच वाक्य मला ऐकवलं! खरं सांगू, माझे पाय लटपटत होते. अण्णांचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. अजूनही जात नाही.

---

स्लाइडवाली | ४:२२

स्टेनची नावं कळली का?

---

रात्रपाळी | ४:३०

चिठ्ठीवर पी६३ असं वाचता येतंय. पुढचं अक्षर डॉक्टरांचं आहे.

---

स्लाइडवाली | ४:४१

मी निकाल सांगणार नाही आणि तुम्हीही त्यातून काढू नका. पण पी६३ कशासाठी असतो तेवढं सांगते. छातीतल्या नळ्यांना बाहेरून पेशींचं एक अस्तर असतं. ते जागेवर आहे का, हे साध्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर कधी कधी नीट दिसत नाही. हा स्टेन लावला की त्या पेशींची केंद्रकं तपकिरी ठिपक्यांसारखी दिसतात. अस्तर शाबूत आहे की नाही ते बघायचं असतं. कॅन्सर ठरला म्हणून औषधासाठी ज्या तपासण्या लावतात त्यांची नावं वेगळी आहेत. म्हणजे डॉक्टरांचं अजून ठरलेलं नाही, ते ठरवतायत. यापुढे मलाही माहीत नाही.

तिला सांगायचं का? तिने विचारलं तर. नाहीतर शनिवारपर्यंत ही माहिती तुमच्यापाशी राहू द्या.

---

गंगापूर_रोड | ४:५०

आणि शुक्रवारी रात्री नवीन मेसेज लिहीत बसू नका हं. कालचाच चालेल, फक्त वार बदला.

---

रात्रपाळी | शनिवार, संध्याकाळी ७:१५

रिपोर्ट मिळाला. ‘इंट्राडक्टल पॅपिलोमा, एटिपिया नाही.’ डॉक्टर म्हणाले कॅन्सर नाही, नळीच्या आत वाढलेला मोडासारखा भाग आहे, आणि एटिपिया नाही म्हणजे पेशी बिघडलेल्या दिसत नाहीत.

पीडीएफ सकाळी ९:५० लाच आली होती. तिने उघडली नाही. मी झोपलो होतो म्हणून उठवलंही नाही, साडेअकरापर्यंत मोबाइल डाळीच्या डब्यावर उपडा ठेवून भाजी निवडत बसली. मग दोघांनी उघडली. समजलं काहीच नाही, म्हणून तशीच निळ्या पिशवीत घालावी तशी मोबाइलसकट पर्समध्ये टाकली आणि गेलो.

पण विषय संपलेला नाही. आमचे डॉक्टर म्हणतात छोटं ऑपरेशन करून काढून टाकू, कारण सुईने सगळा भाग येत नाही, शेजारी काही लपलेलं असू शकतं. तिच्या मावसबहिणीच्या ओळखीतले दुसरे सर्जन म्हणतात गाठ ९ मिलिमीटरचीच आहे, सोनोग्राफीशी रिपोर्ट जुळतोय, सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी करून बघू. दोघंही चांगले डॉक्टर. आता कोणाचं ऐकायचं?

---

अण्णा_द्वारका | ७:२२

देव पावला! आणि माझं चुकलं, कबूल. मी आपलं साडूचं धरून बसलो होतो. पण आता काढूनच टाका, ठेवायचं कशाला?

---

स्लाइडवाली | ७:३०

अण्णा, परत सुरू झालात. 🙂 एटिपिया नसलेल्या पॅपिलोमावर डॉक्टरांमध्येच दोन मतं आहेत. गाठ हाताला लागते, निप्पलमधून पाणी किंवा रक्त येतं, अशा वेळी काढण्याकडे कल जास्त असतो. तुमची हाताला लागली होती, हे दुसऱ्या सर्जनना माहीत आहे का? नुसता रिपोर्ट दाखवला असेल तर परत विचारा.

आणि लॅबमधून स्लाइड आणि मेणाचे ठोकळे मागून घेता येतात. दुसरं मत घ्यायला मुंबईला जायचं झालं तर कागदापेक्षा त्याच वस्तू लागतात. ठोकळा उन्हात ठेवू नका, मेण आहे ते.

---

रात्रपाळी | ७:४४

नाही, फक्त फोटो पाठवला होता. गाठ हाताला लागते हे सांगायचं राहिलं. सोमवारी स्वतः जातो.

आज आमच्या मजल्यावर हळदीकुंकू आहे. ती गेलीय. जाताना म्हणाली, “तो मेसेज तू कोणाकोणाला विचारून लिहिलास?” मी विचारलं, का गं? तर म्हणाली, “पोह्यांचं तुला स्वतःहून सुचणार नाही.”

---

अभ्यासिका_कट्टा | ७:४९

😂 वहिनींना आमच्याकडून तिळगूळ. आणि पाक कमी ठेवा पुढच्या वर्षी.